अनुभव धागा: प्रबंधातल्या उसन्या आकृत्यांची परवानगी कशी मिळवलीत?

माझ्या पहिल्या प्रकरणात इतरांच्या पेपरमधल्या अकरा आकृत्या आहेत. प्रबंध शोधगंगावर, म्हणजे सगळ्यांना खुल्या संकेतस्थळावर, जाणार म्हणून मार्गदर्शकांनी सगळ्यांच्या परवानग्या मागितल्यात. महिनाच उरलाय. तुमचे अनुभव सांगा.

साखरमिरी: आधी प्रत्येक पेपरच्या पानावर CC BY लिहिलंय का बघा. असेल तर परवानगी मागावी लागत नाही. मूळ लेखक, परवाना आणि आकृतीत काही बदल केला असेल तर तो, एवढं खाली लिहायचं. बाकीच्यांसाठी पेपरच्या पानावरच परवानगीची लिंक असते. ती बहुधा RightsLink वर नेते. तिथे "reuse in a thesis/dissertation" निवडा आणि छापील व इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही प्रती सांगा. मला बहुतेक ठिकाणी शुल्क शून्य आलं. परवान्याची पीडीएफ त्याच दिवशी जपून ठेवा.

माझी खरी चूक वेगळीच होती. एका आढावा-लेखातला सूक्ष्मदर्शी फोटो घेतला, त्या लेखाच्या प्रकाशकाकडून परवाना काढला आणि निश्चिंत झाले. छापायच्या आदल्या आठवड्यात फोटोखालचा मथळा नीट वाचला, तर शेवटी बारीक अक्षरात होतं: "Reproduced with permission from ref. 47". म्हणजे फोटो त्यांचाही उसनाच! माझा परवाना त्या फोटोला लागूच नव्हता. मग 47वा संदर्भ उघडला, तो दुसऱ्याच प्रकाशकाचा निघाला. तिथे नव्याने अर्ज केला आणि मथळ्यात मूळ पेपर, त्याचं साल, हक्कधारक आणि "परवानगीने पुनर्मुद्रित" असं लिहिलं. CC BY लेखातही असे उसने फोटो असतात, म्हणून मथळा शेवटच्या शब्दापर्यंत वाचाच.

वऱ्हाडी: एवढं कशाला? संदर्भ दिला की झालं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये संशोधनाला सूट आहे. नाहीतर आकृती स्वतः काढायची.

साखरमिरी: ते कलम खाजगी वा वैयक्तिक वापराबद्दल बोलतं, संशोधनही त्यातच येतं. सगळ्या जगाला दिसणारी प्रत त्यात बसते का, यावर आमच्या ग्रंथपालांचं आणि मार्गदर्शकांचं आजही पटत नाही. स्वतः काढण्याचं म्हणाल, तर तीच रचना फक्त रंग बदलून गिरवली तर ती "adapted" ठरते, परवानगी लागतेच. तक्त्यातले आकडे घेऊन आपला आलेख काढला तर गोष्ट वेगळी. तिथे "विदा अमुक पेपरमधून" म्हणायचं.

पाऊलवाट: माझा विषय वारली चित्रकला. फोटो मीच काढले होते, म्हणून प्रश्नच नाही असं वाटलं. पण चित्र त्या ताईंचं होतं. संमतीपत्र मराठीत लिहून त्यांना वाचून दाखवलं. "नावाबरोबर पाड्याचं नाव पण घाल," म्हणाल्या. सहीआधी ते मी हातानेच वाढवलं.

धागाकर्ती: आज बसून मोजलं. चार CC BY निघाल्या, पाच परवाने आले. एक आढावा-लेखातलीच आहे, मूळ पेपर शोधतेय. अकरावी एका जुन्या संस्थेच्या नियतकालिकातली. दोन ईमेल गेल्या, उत्तर नाही. ती काढून मजकुरात वर्णन करावं का?