‘तांडव’वर लघुप्रबंध : संशोधनप्रश्न कसा बांधावा?

केरीची वाचक
नमस्कार. मी गोव्यात एम.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. महाबळेश्वर सैल यांच्या ‘तांडव’ या कादंबरीवर लघुप्रबंध लिहिण्याचे ठरवले असून आराखडा सादर करायचा आहे. ‘महाबळेश्वर सैल : एक अलक्षित कादंबरीकार’ असे शीर्षक मी मार्गदर्शकांना दाखवले, तेव्हा त्यांनी “यात प्रश्न कुठे आहे?” एवढेच विचारले. सोळाव्या शतकातील धर्मांतरांचा काळ आणि गावाची होणारी मोडतोड हा विषय मला सोडवत नाही. प्रश्न कसा बांधावा, याविषयी जाणकारांनी कृपया सुचवावे.

म्हापसेकर
मुळात ‘अलक्षित’ हा शब्दच काढून टाका. ‘तरंगां’साठी 1993 चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि ‘हावठण’साठी 2016 चा सरस्वती सन्मान मिळालेला लेखक अलक्षित कसा ठरेल? त्यापेक्षा कादंबरीतील प्रसंग इतिहासाशी ताडून पाहा. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, 1560 मध्ये आले आणि कुंकळ्ळीचा उठाव 1583 मध्ये झाला. अ. का. प्रियोळकरांचे गोव्यातील इन्क्विझिशनवरील पुस्तक शेजारी ठेवून कादंबरी कुठे खरी आणि कुठे कल्पित, हे दाखवले की प्रबंध तयार.

जुना परीक्षक
म्हापसेकरांचा पहिला मुद्दा निम्मा बरोबर आहे. पुरस्कारावरून वाचन मोजता येत नाही. पण ‘अलक्षित’ हे वाचक आणि समीक्षक यांच्याविषयीचे विधान असल्यामुळे त्याला पुरावा लागतो. मराठी नियतकालिकांत किती परीक्षणे आली, शोधगंगेवर कोणते प्रबंध सापडतात, ते पाहून पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात अर्धे पान लिहावे. ते शीर्षकात नको.

दुसरा सल्ला मात्र मी परीक्षक म्हणून नाकारीन, कारण त्यातून प्रबंधाची खतावणी होते. कादंबरीकाराने तारीख पाळली नाही, असे सिद्ध करून कादंबरीविषयी काय कळते?

आपला विषय गाव हा आहे, तर तिथूनच प्रश्न काढावा. गोव्यातील गावांची सामायिक व्यवस्था म्हणजे गावकरी; तिचे रीतिरिवाज पोर्तुगीजांनी 1526 च्या फोराल या सनदेत नोंदवून घेतले होते. जमीन गावाच्या मालकीची, गावकाराचा हक्क बापाकडून मुलाकडे जाणारा आणि देवळाची व्यवस्थाही त्याच रचनेत गुंतलेली. त्यामुळे धर्म बदलणे ही एकट्या माणसाची गोष्ट राहणेच शक्य नव्हते. म्हणून प्रश्न असा मांडून पाहा : ‘तांडव’मध्ये धर्मांतराचा निर्णय कोण घेतो, व्यक्ती, घर की गाव, आणि निवेदक त्या निर्णयाच्या वेळी कोणाच्या मनात शिरतो?

आता पेन्सिल घेऊन कादंबरी पुन्हा वाचावी आणि असा निर्णय जिथे होतो तो प्रत्येक प्रसंग वहीत उतरवावा. बोलतो कोण, गप्प कोण बसते, पणाला काय लागले आहे (जमीन, सोयरीक की जीव), आणि मन कोणाचे उघडे केले आहे, एवढे चार रकाने पुरेत. समजा, बायकांच्या बाबतीत निर्णय आधी होतो आणि त्यांचे मन नंतर दाखवले जाते, असे आपले गृहीतक असेल, तर त्याच्या विरुद्ध जाणारा प्रसंगही याच वहीत सापडला पाहिजे. सगळे रकाने एकसारखे भरले, तर वादाला जागा उरली नाही असे समजून प्रश्न बदलावा.

दीर्घिका
माझाही अनुभव असाच आहे. माझ्या लेखकाची कादंबरी बाजारात मिळेचना. शेवटी पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात प्रत सापडली. ताई, तुम्ही आधी तिथे चौकशी करा.

केरीची वाचक
दीर्घिकाताई, आभार, पुस्तक माझ्याकडे आहे, अडचण प्रश्नाची होती. सर, तुमच्या सूचनेप्रमाणे काही प्रकरणांपुरते रकाने भरून पाहिले. ‘गाव’ असे मी जिथे लिहिले, तिथे प्रत्यक्षात काही घरांचे प्रमुखच बोलत आहेत, असे लक्षात आले. मग गावकार आणि गावातले इतर लोक वेगळे धरावेत का? शिवाय सैलांची ‘युगसांवार’ ही कोंकणी कादंबरी याच काळावर आहे. तीही घ्यावी का?

जुना परीक्षक
वेगळे धरलेच पाहिजेत. ज्यांना गावकरीत हक्कच नव्हता, त्यांच्यासाठी पणाला लागणारी गोष्टही वेगळी असणार. आपल्या प्रश्नाची धार तिथेच आहे. कोंकणी संहिता मात्र निवडलेल्या चार-पाच प्रसंगांपुरतीच पाहावी आणि तसे ‘व्याप्ती व मर्यादा’ या भागात स्पष्ट लिहावे. दोन्ही संहितांची पूर्ण तुलना हा पीएच.डी.चा विषय होईल.

म्हापसेकर
हे मला पटत नाही. लेखक दोन्ही भाषांत लिहितो, हे त्याच्या कादंबरीचे मर्म आहे. ते मर्यादांच्या रकान्यात ढकलले, तर मौखिक परीक्षेत कोणीतरी नेमके तेच विचारील.

केरीची वाचक
या मुद्द्यावर माझे मन अजून ठरत नाही. आराखड्यात प्रश्न सरांनी सुचवलेला, मात्र ‘गाव’ऐवजी ‘गावकार आणि हक्क नसलेली घरे’ अशी फोड करून लिहिते, आणि ‘युगसांवार’विषयी मार्गदर्शकांनाच विचारते.