मदत हवी आहे: स्क्रिप्ट पाठ आहे, पण सरावाला बसले की लोकांची गती पडते

निळीशाई
शनिवारी पुन्हा सत्र आहे, त्यामुळे जरा लवकर सांगा. ४५ मिनिटांची स्क्रिप्ट लिहिली आहे. समजावणं, करून दाखवणं, लोकांचा सराव, परत थोडं समजावणं, परत सराव असा क्रम ठेवलाय. वाक्य न् वाक्य लिहून काढलंय, मोठ्याने वाचून वेळही लावून पाहिली. समजावताना सगळे माना डोलावतात, विचारलं तर पायऱ्या बिनचूक सांगतात. पण पुतळ्यावर हात ठेवला की सगळं मंद. मी "भरभर, भरभर" ओरडत राहतो, पाच-सहा दाबांपुरता फरक पडतो आणि परत तेच. स्क्रिप्टमध्ये नेमकं काय चुकतंय?

भाषणबंधू
मूळ चूक वाक्य न् वाक्य लिहिण्यात आहे. कागदावर फक्त मुद्दे ठेवा. आवाजात चढउतार हवा, महत्त्वाच्या शब्दाआधी क्षणभर थांबा, शेवटच्या रांगेकडे बघून बोला. मी पंधरा वर्षं सूत्रसंचालन करतोय, श्रोते आवाजावर चालतात.

रानवाटा
पुतळा कसला? दाब कसले? किती लोक, किती वेळ सराव? काहीच लिहिलं नाहीत.
मी ट्रेकच्या मुलांना दोराच्या गाठी शिकवतो. तिथे माझी चूक अशी होती की मी त्यांच्याकडे तोंड करून गाठ मारायचो आणि त्यांचं डावं-उजवं उलटं व्हायचं. आता पाठ फिरवून, दोर खांद्याच्या वर धरून दाखवतो. तुमचं तसं काही होतंय का?

निळीशाई
अहो सीपीआर, पुतळ्यावर दुसरं काय करणार! २४ लोक, ३ पुतळे. श्वास शिकवत नाही, फक्त छातीवरचे दाब. डाव्या-उजव्याचा प्रश्नच नाही. आणि भाषणबंधू, लोक कंटाळत नाहीत हो, मन लावून ऐकतात. हात चालत नाहीत ही अडचण आहे.

वॉर्डातली_ताई
मी नर्स आहे, हे बरीच वर्षं शिकवतेय. दोन गोष्टी द्या. करून दाखवतानाचा परिच्छेद आहे तसा इथे टाका. आणि मागच्या सत्राचं चित्रीकरण असेल तर तुमच्या स्वतःच्या ३० दाबांना किती सेकंद लागले ते मोजा. लोकांचे नाही, तुमचे.

निळीशाई
चित्रीकरण आहे. परिच्छेद हा:

"आता बघा, तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधल्या हाडावर, खालच्या अर्ध्यात. दुसरा हात त्यावर. कोपरं ताठ. आता दाबतो, एक… किमान ५ सेंटिमीटर, ६ च्या वर नाही… दोन… आणि छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे विसरू नका… तीन… गती मिनिटाला १०० ते १२०… चार…"

माझ्या ३० दाबांना २७ सेकंद लागलेत. म्हणजे मिनिटाला सदुसष्टच्या आसपास. हे मला आत्ता कळतंय.

वॉर्डातली_ताई
मग लोकांनी तुमचंच ऐकलंय. कानाने ऐकलं १०० ते १२० आणि डोळ्याने पाहिलं ६७. हात डोळ्याचं ऐकतात. खऱ्या गतीचा एकही दाब त्यांनी अख्ख्या सत्रात पाहिलेला नाही, कारण तोंड चालू असताना हात मंदावतो. तुमचाच नाही, कुणाचाही. पायऱ्या बिनचूक सांगता येतात, कारण तेवढंच शिकवलं गेलं.

रॉडनी पेटन या शल्यचिकित्सकाने १९९८ मध्ये चार पायऱ्यांची रीत मांडली, मी तीच वापरते. तुमची वाक्यं तशीच ठेवून क्रम बदला.

पहिल्यांदा: "मी आता बोलणार नाही. फक्त माझे खांदे आणि हात बघा." एवढं म्हणून गुडघ्यावर बसा आणि खऱ्या गतीने ३० दाब द्या. मिनिटाला ११० धरले तर १६-१७ सेकंदांत होतात. स्क्रिप्टमध्ये या जागी मोठ्या अक्षरात "गप्प" लिहून ठेवा, नाहीतर तोंड उघडतंच.

दुसऱ्यांदा तुमचा वरचा परिच्छेद, पण हात ठेवणं, कोपर, खांदे एवढंच बोलून दाखवा. दाबांपाशी आलात की बोलणं बंद.

तिसऱ्यांदा लोक सांगतील आणि तुम्ही कराल, आणि जे सांगतील तेवढंच कराल. "हात ठेवा" एवढंच कुणी म्हणालं तर पोटावर ठेवा. सगळे एकदम ओरडतात, "अहो, छातीवर! मधोमध!" तो सगळ्यांचा डोक्यातला सराव असतो, आणि कुणाला काय नीट कळलं नाही ते तुम्हाला तिथेच दिसतं. कोपर वाकवून ठेवा, कुणी टोकतं का बघा.

चौथ्यांदा त्यांच्या हातात द्या.

शंकासुर
गप्प राहून दाखवणं म्हणजे वेळ घालवणं. काय बघायचं ते माहीतच नसताना माणूस काय बघणार? आणि ही चार पायऱ्यांची रीत साध्या पद्धतीपेक्षा सरसकट सरस आहे असं संशोधनातून निघत नाही. काही ठिकाणी फरक दिसतो, काही ठिकाणी नाही.

वॉर्डातली_ताई
संशोधनाबद्दल तुमचं बरोबर आहे, मीही तिला रामबाण म्हणत नाही. पण यांची अडचण गतीची आहे आणि गती शब्दांत सांगता येत नाही. सतरा सेकंद जातात, त्यात काय एवढं. काय बघायचं म्हणाल तर "खांदे आणि हात बघा" हे सांगूनच गप्प बसायचंय.

तालमणी
एवढा खटाटोप कशाला? मोबाईलवर मेट्रोनोमची टिकटिक लावा, मिनिटाला ११० वर. मी तबला शिकवतो. लय कानात बसली की हात आपोआप येतो.

शंकासुर
रस्त्यात कुणी कोसळलं तर मेट्रोनोम शोधत बसणार का?

तालमणी
शिकताना वापरायचा हो, जन्मभर नाही. पहिलं अर्धं मिनिट चालू, पुढचं अर्धं बंद, मग परत चालू करून किती सरकलो ते बघायचं. आणि निळीशाई, दाब मोजताना लोक काय म्हणतात?

निळीशाई
एक ते तीस, मोठ्याने. का?

तालमणी
करून बघा. मिनिटाला ११० म्हणजे एका आकड्याला अर्ध्या सेकंदाहून जेमतेम जास्त वेळ. "एक, दोन, तीन" बसतं. "एकोणीस", "पंचवीस", "एकोणतीस" म्हणायला जीभ जास्त वेळ घेते आणि हात जिभेसाठी थांबतो. एक ते दहा तीनदा म्हणायला लावा.

निळीशाई
आत्ताच चित्रीकरणात बघितलं. दहाच्या पुढे खरंच रेंगाळतात, आणि दोघांनी तर एकोणतीस सोडून थेट तीस म्हटलंय. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

उन्हाळी_झुळूक
माझं बाळ सात महिन्यांचं आहे. त्याला पण असेच दोन्ही हातांनी ताठ कोपराने दाब द्यायचे का? कुणी सांगाल का प्लीज.

वॉर्डातली_ताई
नाही, झुळूक, असं अजिबात नको. तान्ह्या बाळाला दाब साधारण ४ सेंटिमीटर, हात ठेवायची रीत वेगळी, आणि त्यांच्यात बहुतेकदा आधी श्वासाचीच अडचण झालेली असते म्हणून तोंडाने श्वास द्यावेच लागतात. या धाग्यावर वाचून करू नका. बाळांसाठीचा वेगळा वर्ग असतो, तो प्रत्यक्ष पुतळ्यावर करा.

रानवाटा
२४ लोकांत ३ पुतळे म्हणजे एकावर आठ जण. सातजण उभे राहून गप्पा मारणार. जोड्या करून एकमेकांवरच सराव करायला काय हरकत आहे? हलक्या हाताने.

वॉर्डातली_ताई
हरकत आहे. शुद्धीत असलेल्या, हृदय नीट चालू असलेल्या माणसाच्या छातीवर दाब द्यायचे नाहीत. जोरात दिले तर इजा होऊ शकते, आणि हलक्या हाताने दिले तर तुम्ही लोकांना हलका हात शिकवलात. एकमेकांवर फक्त हाक मारणं, खांदे हलवणं आणि श्वास बघणं याचा सराव करा. दाबांसाठी घट्ट उशी किंवा जाड घडी केलेली चादर, जमिनीवर ठेवून. खोली कळत नाही, पण गती आणि कोपर बसतं. मग पुतळ्यावर आळीपाळीने.

रानवाटा
बरं, हे मला माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो.

शंकासुर
पण श्वास अजिबात न शिकवणं मला पटत नाही. बुडालेल्या माणसाला नुसते दाब देऊन काय होणार?

वॉर्डातली_ताई
बुडालेल्यांच्या आणि मुलांच्या बाबतीत श्वास लागतात, हे खरंच. पण ४५ मिनिटांत २४ जणांना ३० दाब, मग २ श्वास असं शिकवायला गेलात तर दाबही कच्चे राहतात. मोठा माणूस डोळ्यांदेखत कोसळला तर नुसते दाब चालतात. स्क्रिप्टमध्ये ही मर्यादा एका वाक्यात सांगावी असं मला वाटतं.

शंकासुर
एका वाक्याने भागत नाही. वेळ वाढवून घ्यावी.

निळीशाई
वेळ वाढणार नाही, ती माझ्या हातात नाही. वाक्य घातलंय.

काल सहा जणांवर नवीन क्रम करून बघितला. समजावणं बारा मिनिटांवरून पाचवर आणलं. तिसऱ्या पायरीला एक काका म्हणाले, "दाबा", आणि मी हात हवेतच दाबला. त्यांनी स्वतः उठून माझे हात धरून छातीवर ठेवले. मग उशीवर अर्धा मिनिट मेट्रोनोमसोबत, अर्धा मिनिट बिनआवाजी, मग पुतळा.

पहिल्या अर्ध्या मिनिटातले दाब चित्रीकरणातून मोजले. मागच्या वेळी बहुतेकांचे ३५ च्या आसपास होते. या वेळी पाचजण ५१ ते ५७ मध्ये. सहावा ६६, म्हणजे मिनिटाला १३२, आणि त्याची छाती अर्धवटच वर येत होती. मला नवीन अडचण तीच दिसतेय: गती आली, पण दोन दाबांच्या मध्ये लोक हातावर रेलून राहतात. दुसरं मिनिट लागलं की जास्तच.

तालमणी
त्या सहाव्याला परत मेट्रोनोमवर बसवा. लय धावतेय.

वॉर्डातली_ताई
धावतेय तर आहेच, पण रेलणं थकव्यानेही येतं. थकल्याचं दाबणाऱ्याला स्वतःला कळत नाही, म्हणून दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. तुमच्या स्क्रिप्टमध्ये बदल कधी आहे?

निळीशाई
नाहीये. ज्याला वाटेल तो थांबतो.

वॉर्डातली_ताई
मग दोन मिनिटांना "बदला" असं तुम्ही पुकारा, आणि पुढचा माणूस आधीच समोरच्या बाजूला गुडघ्यावर तयार हवा, म्हणजे खंड पडत नाही. रेलण्यासाठी मी जोडीदाराला पुतळ्याच्या पातळीला डोकं आणून छाती बघायला लावते. पूर्ण वर आली नाही की त्याने फक्त "वर" म्हणायचं. तुम्ही ओरडू नका, तुमच्या आवाजाने गती वाढते आणि रेलणं तसंच राहतं.

शंकासुर
जोडीदाराला तरी "पूर्ण वर" म्हणजे किती हे कसं कळणार? त्यालाही आधी दाखवावं लागेल.

निळीशाई
हा मुद्दा बरोबर आहे. दुसऱ्या पायरीला एकदा मुद्दाम रेलून आणि एकदा नीट, असं दोन्ही शेजारी-शेजारी दाखवतो, ते गप्प राहूनच. सत्रात मिनिटभर वाढेल, तो समजावण्यातून काढतो. शनिवारी रात्री २४ जणांचे आकडे इथेच टाकतो.