प्रवासात मेमरी कार्ड क्लाउडवर कसं रिकामं करता? अनुभव सांगा

धागाकर्ती: लेहमध्ये आठ दिवस होतो. मी रोज साधारण 300 रॉ फोटो काढायचे, एकेक 25 एमबीचा, म्हणजे साडेसात जीबी. हॉटेलच्या वायफायला डाउनलोड 30 एमबीपीएस मिळत होता, म्हणून निश्चिंत होते. अपलोड पाहिला तर जेमतेम 4. त्या हिशोबाने एका दिवसाच्या फोटोंना सव्वाचार तास लागणार! रात्री लावून झोपले, सकाळी बघते तर 61 फोटो गेलेले. ब्राउझर उघडला तर रूम नंबर पुन्हा विचारत होता, म्हणजे लॉगिनची मुदत मध्येच संपली होती. पुढच्या रात्रीपासून कॅमेऱ्यात रॉसोबत जेपेगही ठेवले आणि आधी तेच चढवले. पावणेदोन जीबी, तासाभरात काम झालं. रॉ फाइली मात्र शेवटपर्यंत कार्डांवरच राहिल्या. तुम्ही काय करता?

वाटसरू: हॉटेलच्या वायफायच्या नादी लागूच नये. आपला हॉटस्पॉट बरा, वेग नेहमीच जास्त.

सह्याद्रीकर: नेहमीच नाही हो. माझ्या प्लॅनमध्ये रोज 2 जीबी, ते संपले की वेग इतका पडतो की एक रॉ फाइलही जात नाही. शिवाय लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेडच लागतं.

अनु_प: माझ्या फोनची मेमरी भरली आहे, व्हॉट्सॲपचे फोटो कुठे हलवू?

धागाकर्ती: अनुताई, हे कॅमेऱ्याच्या कार्डाबद्दल चाललंय. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की सांगते.

जुना_छायाचित्रकार: मी लॅपटॉपवर rclone वापरतो. तुटलं तर तीच आज्ञा पुन्हा देतो. गेलेल्या फाइली तो सोडून देतो, अर्धवट राहिलेली मात्र पहिल्यापासून चढवतो. लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग आधी करून घ्या.

```
rclone copy D:\DCIM gdrive:leh/card2 --immutable
rclone check D:\DCIM gdrive:leh/card2 --one-way
```

प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर हवाच. माझ्या कॅमेऱ्यात नवं कार्ड घातलं की क्रमांक पुन्हा 0001 पासून सुरू व्हायचे आणि दुसऱ्या कार्डाचा IMG_0001 पहिल्यावर चढून बसला. मुलीच्या बारशाचे काही फोटो असे गेले, अजून चुटपुट लागते. --immutable असलं की तो जुनी फाइल बदलत नाही, चूक दाखवतो. दुसऱ्या ओळीने 0 differences म्हटल्याशिवाय मी कार्ड फॉरमॅट करत नाही.

वाटसरू: इतकं कशाला? हिरवी टिक आली की झालं. मी लगेच लॅपटॉपवरचे काढून टाकतो.

जुना_छायाचित्रकार: थांबा! सिंक केलेल्या फोल्डरमधून काढलंत तर क्लाउडवरूनही जातात. आधी ट्रॅश बघा, तिथे काही दिवस राहतात.

सह्याद्रीकर: लॅपटॉप न नेता, नुसता फोन आणि कार्ड रीडर घेऊन कुणी हे केलंय का? माझ्याकडे स्क्रीन बंद झाली की अपलोड थांबतं.

धागाकर्ती: माझंही तसंच. स्क्रीन चालू ठेवून, चार्जरला लावून बसावं लागलं. रात्रभर चालणारा उपाय कुणाला सापडलाय का?