मदत हवी आहे: कंपनीची फिल्म मिळालीय, क्रूशी करार आणि डिलिव्हरेबल्सची यादी कशी लिहायची?

फ्रेमवाली
नमस्कार मंडळी. पुण्यात माझं छोटं व्हिडिओचं काम आहे. चाकणच्या एका ऑटो पार्ट्सवाल्या कंपनीची फिल्म मिळालीय, सगळं मिळून १ लाख ८० हजार. प्लांटमध्ये दोन दिवस शूट, मग तीन मिनिटांची मेन फिल्म आणि सोशल मीडियासाठी छोट्या क्लिप्स. एप्रिलमध्ये जर्मनीला हॅनोव्हरच्या प्रदर्शनात त्यांचा स्टॉल आहे तिथेही लावणार म्हणतायत.

टीम अशी: कॅमेरामन (कॅमेरा त्याचाच), त्याचा असिस्टंट, साउंड रेकॉर्डिस्ट, लाइटवाला, एडिटर, स्क्रिप्ट लिहिणारी एक मैत्रीण आणि व्हॉइसओव्हर आर्टिस्ट. सगळे फ्रीलान्स. आतापर्यंत आमचं व्हॉट्सअॅपवरच ठरायचं, पण आता कंपनीच्या पर्चेसकडून पीओ आलाय आणि त्यात एवढंच लिहिलंय: "कॉर्पोरेट व्हिडिओ, १ नग, सर्व फॉरमॅट्स, सर्व रॉ डेटा, पेमेंट ६० दिवस". सही करायच्या आधी दोन कागद नीट करायचेत, एक क्रूशी करार आणि दुसरा कंपनीला काय काय देणार त्याची यादी. क्रूच्या करारात नक्की काय घालू? आणि "सर्व फॉरमॅट्स"चं काय करू? मोठ्या प्रॉडक्शन हाउसचे वीस पानी नमुने बघितले, पण ते माझ्या लोकांसमोर ठेवले तर निम्मे पळून जातील.

मिहिर_कोथरूड
एवढं टेन्शन नका घेऊ. पाचशेचा स्टॅम्प पेपर घ्या (आता शंभरचा चालत नाही), त्यावर दोन ओळी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. स्टॅम्प नसेल तर करार बाद असतो. आणि हक्कांचं म्हणाल तर तुम्ही पैसे दिले की काम तुमचं, वेगळं काही लिहावं लागत नाही.

पडद्यामागे
मिहिर, पाचशेचं बरोबर आहे पण बाकी अर्धंच. स्टॅम्प नसला म्हणून करार बाद होत नाही, कोर्टात पुरावा म्हणून लावायची वेळ आली तर आधी ड्यूटी आणि दंड भरावा लागतो. ईमेलवर ठरलेलं सुद्धा करारच असतं.

हक्कांचं मात्र ताईंनी नीट समजून घ्या, कारण या कामात खरी मेख तिथेच आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन फिल्म करून घेतली आणि वेगळं काही लिहिलेलं नसेल तर त्या फिल्मची पहिली मालक ती करून घेणारी पार्टी, म्हणजे तुमच्या बाबतीत कंपनी. पण स्क्रिप्टचं तसं नाही. स्क्रिप्ट लिहिणारी तुमची नोकरदार नाही, फ्रीलान्सर आहे, त्यामुळे पैसे दिले तरी स्क्रिप्टचा हक्क तिच्याकडेच राहतो, तिने लेखी दिला तरच तुमच्याकडे येतो. आणि तुमच्याकडे आलाच नाही तर तुम्ही तो कंपनीला देणार कुठून?

आता कलम १९. हक्क देताना लेखी आणि सही हवी. किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, कुठे वापरायचा ते लिहिलं नाही तर फक्त भारत धरतो. तुमची फिल्म हॅनोव्हरला चाललीय! त्यामुळे स्क्रिप्टवाल्या मैत्रिणीच्या कागदात साधं वाक्य घाला: "या फिल्मसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टचे सर्व हक्क मी ठरलेल्या मानधनाच्या बदल्यात, संपूर्ण जगासाठी आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी अमुक यांना देत आहे. हक्क एका वर्षात वापरले नाहीत तरी परत येणार नाहीत." ते शेवटचं वाक्य फालतू वाटेल पण राहू द्या, ते नसलं तर वर्षभरात न वापरलेला हक्क परत जातो. व्हॉइसओव्हरवाल्याकडूनही आवाज फिल्ममध्ये वापरायची लेखी संमती घ्या, तो परफॉर्मर धरला जातो. म्युझिक स्टॉक साइटवरून घेणार असाल तर लायसन्स कुणाच्या नावावर निघतं आणि प्रदर्शनात वाजवायला चालतं का ते आधी वाचा.

आणि तुमच्या शोरीलमध्ये फिल्म दाखवायची परवानगी कंपनीकडून आत्ताच लिहून घ्या. फिल्म त्यांची झाल्यावर मागायला गेलात तर लीगलकडे फाइल जाते आणि तिथेच पडून राहते.

सोलापूरकर
मी लग्नाची कामं करतो. रॉ डेटा आम्ही सरळ देऊन टाकतो, पार्टीने पेन ड्राइव्ह आणला की कॉपी करून द्यायचा, विषय संपला. तुम्ही एवढा विचार का करताय? गेल्या सीझनला एका पार्टीने तर रॉ मधून दुसऱ्याकडून रील्स करून घेतल्या, आमचं काय गेलं.

पडद्यामागे
लग्नात चालतं हो दादा, कारण तिथे पुढचं काम तसंही येत नाही. कंपनीचं काम दरवर्षी येतं. रॉ दिला की पुढच्या वर्षीची फिल्म दुसरा कुणीतरी तुमच्याच शॉट्सवर निम्म्या पैशात करून देतो. शिवाय रॉ मध्ये इंटरव्ह्यूच्या आधीमधे साहेब जे बोललेत ते सगळं असतं, शेजारच्या लाइनवरचे दुसऱ्या ग्राहकाचे पार्ट असतात. ताई, रॉ ची वेगळी ओळ करा, वेगळी रक्कम लिहा आणि हार्ड ड्राइव्ह कंपनीने द्यायची असं लिहा. नको असेल तर ते स्वतःच ओळ खोडतात.

बूमवाला
मी साउंडवाला, म्हणून क्रूच्या बाजूने बोलतो. वीस पानं नकोतच, एक पान बास. पण त्या पानावर आम्हाला चार गोष्टी दिसल्या पाहिजेत. शिफ्ट किती तासांची आणि कुठून मोजायची, बारा तास म्हणजे प्लांटच्या गेटवर पोचल्यापासून की कोथरूडहून गाडी निघाल्यापासून. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये यातच दोन-तीन तासांचा फरक पडतो, आणि त्यावरच रात्री आठ वाजता भांडणं होतात. मग बारा तासांनंतर तासाला किती. शूट आदल्या दिवशी रद्द झालं तर किती टक्के, प्लांटमध्ये ब्रेकडाउन झाला की हे होतंच. आणि आमचे पैसे कंपनीने तुम्हाला दिल्यावर मिळणार की आमच्या तारखेला? हे चौथं आडपडदा न ठेवता लिहा. मी "क्लायंटकडून आल्यावर" असं लिहिलेल्या कागदावर सही करत नाही.

अजून एक. गेटवर रिटर्नेबल गेट पास करावा लागतो, प्रत्येक कॅमेरा, लेन्स, रेकॉर्डर, बॅटरी सिरियल नंबरसकट. आत जाताना जे लिहिलं नाही ते बाहेर येताना सिक्युरिटी सोडत नाही, रात्री नऊला स्टोअरचा माणूस शोधत बसावं लागतं. म्हणून करारातच लिहा की प्रत्येकाने आपल्या सामानाची सिरियल नंबरसह यादी शूटच्या तीन दिवस आधी द्यायची. सोबत आधारची कॉपी आणि सेफ्टी शूज कोण देणार ते. बऱ्याच कंपन्या ईएसआयसी नाहीतर अपघात विमा दाखवा म्हणतात, ते आत्ताच विचारून घ्या. आणि तीच सामानाची यादी कॅमेरा पडला तर भरपाई कोणाची या मुद्द्यालाही कामाला येते.

ड्रोनप्रेमी
चाकणला शूट आहे तर टॉप शॉटसाठी कुठला ड्रोन घ्यावा? २५० ग्रॅमच्या आतला पुरेल का?

बूमवाला
भाऊ, इथे कराराचं चाललंय, ड्रोनचा वेगळा धागा काढा.

फ्रेमवाली
खूप खूप आभार सगळ्यांचे. बूमवाले दादा, तुमचं चौथं मनाला लागलं, क्रूला शूट झाल्यापासून १५ दिवसांत पैसे असं लिहितेय, मग कंपनीने कधीही देवोत. पण मग ६० दिवस मला परवडतच नाहीत. आणि यादी अशी केलीय, बघाल का: "मेन फिल्म ३ मिनिटं, एचडी. इंग्रजी आणि मराठी. प्रदर्शनासाठी एक व्हर्जन. सोशल मीडियासाठी ४ क्लिप्स. दोन वेळा करेक्शन्स."

पडद्यामागे
आधी ६० दिवसांचं. उद्यम रजिस्ट्रेशन आहे का? नसेल तर आजच करा, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, एजंट लागत नाही, आणि ते पीओ स्वीकारायच्या आधीच हातात असू द्या. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करारात ६० लिहिलं तरी. शिवाय मुदत उलटली आणि वर्षाअखेर रक्कम बाकी राहिली तर त्या वर्षी कंपनीला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, म्हणून त्यांचे अकाउंट्सवालेच घाई करतात. पर्चेसला उद्यम नंबर पाठवून ४५ मागा, आणि ५० टक्के ॲडव्हान्स मागायला लाजू नका.

आता यादी. प्रत्येक ओळीत किती नग, लांबी, माप, भाषा, आवाज आहे की नाही, आणि फाइल कसली हे यायला हवं. "प्रदर्शनासाठी एक व्हर्जन" ही तुमची सगळ्यात धोक्याची ओळ आहे. स्टॉलवर एलईडी वॉल असेल तर ती १९२० बाय १०८० नसते. समजा ३ मीटर बाय २ मीटरची वॉल आहे, अर्ध्या मीटरची पॅनल्स, २.६ पिचची, म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर २.६ मिलिमीटर, म्हणून पॅनलच्या एका बाजूला १९२ पिक्सेल. आडवी सहा, उभी चार, म्हणजे झाली ११५२ बाय ७६८. तुमची सोळा-नऊची फिल्म त्यावर एकतर वरखाली काळ्या पट्ट्यांसह दिसेल, नाहीतर बाजूने कापली जाईल आणि पहिला बळी सुपर्सचा, म्हणजे पडद्यावरच्या अक्षरांचा जाईल. वर हॉलमध्ये गोंगाट, व्हॉइसओव्हर कुणाला ऐकूच येणार नाही. म्हणून अशी ओळ लिहा: "एलईडी वॉलसाठी ६० सेकंदांची, आवाजाशिवाय, मोठ्या सुपर्ससह, सलग लूप होणारी फिल्म, १ नग. वॉलचं पिक्सेलमधलं माप आणि प्लेअरला चालणारी फाइल कंपनीने स्टॉल बनवणाऱ्याकडून घेऊन अमुक तारखेपर्यंत कळवायची. नंतर माप बदललं तर नवीन व्हर्जन धरलं जाईल." तारखेशिवाय ही ओळ लिहू नका, नाहीतर हॅनोव्हरहून रात्री फोन येतो.

सोशलच्या क्लिप्स उभ्या की आडव्या? उभ्या असतील तर कॅमेरामनला शूटच्या आधी सांगावं लागेल, नंतर कापून मशीन अर्धीच दिसते. आणि मेन फिल्मची एक सुपर्स नसलेली कॉपी आणि म्युझिक-व्हॉइसओव्हर वेगवेगळे काढून स्वतःकडे ठेवा. उद्या जर्मन भाषेत मागतील तेव्हा कामाला येईल, पण यादीत घालू नका, मागितल्यावर बिल करा.

एडिटर_नाशिक
करेक्शन्सवर माझे दोन शब्द. "दोन वेळा" एवढंच लिहिलं तर एमडी, मार्केटिंग आणि एचआर तिघे वेगवेगळे दोनदा सांगतात. एक राउंड म्हणजे कंपनीच्या एका ठरलेल्या माणसाकडून, टाइमकोडसह, एकाच ईमेलमध्ये आलेल्या सगळ्या सूचना, असं लिहा. आणि स्क्रिप्ट लॉक झाल्यावर व्हॉइसओव्हर बदलला तर तो वेगळा खर्च, कारण आर्टिस्ट पुन्हा स्टुडिओला येतो. हेच एडिटरच्या करारातही तसंच्या तसं उतरवा, नाहीतर कंपनीला दोन राउंड आणि एडिटरशी काहीच ठरलेलं नाही असं होतं. प्रोजेक्ट फाइल द्यायची की नाही तेही. मी देत नाही, माझे काही मित्र देतात.

फ्रेमवाली
अपडेट: उद्यम झालं, पर्चेसने ४५ दिवस मान्य केले आणि ३० टक्के ॲडव्हान्स. पन्नासला तयार नाहीत. स्टॉल बनवणाऱ्याचा ईमेल मिळालाय, मापासाठी त्याला आजच लिहिते. रॉ ची वेगळी ओळ टाकली, २५ हजार लावले, त्यावर अजून उत्तर नाही. शिफ्ट गेटपासून मोजायची की घरापासून यावर मात्र माझ्या कॅमेरामनचं आणि लाइटवाल्याचंच एकमत नाहीये.

बूमवाला
गेटपासून धरा, पण प्रवासाचे सरसकट पैसे वेगळे लिहा. लाइटवाला ऐकेल. कॅमेरामनचं सांगता येत नाही.