पालकसभेतला स्तंभालेख कोठून सुरू करावा?

सहशिक्षक, माध्यमिक शाळा: नववीच्या वार्षिक निकालाचे सादरीकरण मुख्याध्यापकांसाठी तयार करतो आहे. गणितात उत्तीर्णांचे प्रमाण गेल्या वर्षी ८८ टक्के होते, यंदा ९२ टक्के आहे. एक्सेलने काढलेल्या स्तंभालेखात यंदाचा खांब तिप्पट उंच दिसतो आणि सरांना तो तसाच हवा आहे. ठेवावा का?

निवृत्त गणित शिक्षिका: ठेवू नये. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल उभा अक्ष शून्याऐवजी मधूनच सुरू करते. तो ८६ पासून सुरू झाला, तर एका खांबाची उंची २ आणि दुसऱ्याची ६ उरते. Format Axis मध्ये Minimum ला 0 लिहा. तुमच्या पटावर मुले किती?

सहशिक्षक: दोन्ही वर्षी पन्नासच.

निवृत्त गणित शिक्षिका: म्हणजे ४४ ऐवजी ४६ मुले उत्तीर्ण झाली. फरक दोन मुलांचा आहे, तोही वेगळ्या मुलांच्या वर्गाशी तुलना करून, आणि प्रश्नपत्रिकाही वेगळी.

संगणक शिक्षक: मला हे पटत नाही. अक्ष शून्यापासून घेतला की दोन्ही खांब सारखेच दिसतात आणि झालेली वाढ कोणाला कळतच नाही. खांबावर ठळक आकडा लिहिला की फसवणुकीचा प्रश्न उरत नाही.

निवृत्त गणित शिक्षिका: आकडा लिहावाच, पण मागच्या बाकावरच्या पालकाला आधी दिसते ती उंची. अक्ष तोडायचाच असेल तर खांब सोडून ठिपके वापरा. ठिपक्याची जागा वाचली जाते, उंची नव्हे.

एक पालक: माझ्या मुलीला गणितात ४१ गुण आहेत. या दोन खांबांत ती कुठे आहे, हे मला कोण सांगणार?

सहशिक्षक: ताई, वैयक्तिक गुण प्रगतिपुस्तकात असतातच. तरी गुणांचे गट करून पाहिले: ३५ च्या खाली ४ मुले, ३५ ते ४४ मध्ये १३, ४५ ते ५९ मध्ये १५, ६० ते ७४ मध्ये ११ आणि ७५ च्या पुढे ७.

निवृत्त गणित शिक्षिका: हाच आलेख दाखवा, टक्क्यांऐवजी मुलांची संख्या लिहून. तेरा मुले काठावर पास झाली आहेत आणि दहावीचे गणित त्यांना जड जाणार, ही गोष्ट ९२ टक्क्यांत पूर्ण झाकली जाते.

संगणक शिक्षक: आणि ती चार मुले कोण, हे सभेतला प्रत्येक जण ओळखेल. शिवाय 'तेरा' दिसले की पहिला प्रश्न विषयशिक्षकांना येईल.

निवृत्त गणित शिक्षिका: पहिली हरकत रास्त आहे, खालचे दोन गट एकत्र करून '४५ च्या खाली १७' असे दाखवता येईल. दुसरी हरकत मला मान्य नाही.

सहशिक्षक: एकत्र केले की नापास झाकले, असे सभेत कोणी म्हणाले तर? दोन्ही आलेख सरांपुढे ठेवतो.