मदत हवी आहे: स्वतःचा बायो कसा लिहू?

नमस्कार मंडळी, मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, गाव यवतमाळकडचं, एका कार्यक्रमासाठी चार ओळींचा बायो मागितलाय अन् तीन दिवस झाले "लाईनचं काम बघते" याच्यापुढं गाडी जात नाही. काल आई म्हणे, मंग गावची लाईटची डीपी कोनं वाचवली वं? खरंच, आमची 100 केव्हीएची डीपी दर हिवाळ्यात जळायची, मी करंट मोजायचा टाँग टेस्टर लावून पाह्यलं तर एका फेजवर 170 अँपिअर, बाकी दोनवर 60 अन् 75, एका फेजला झेपतात फक्त 133. घरांची कनेक्शनं तिन्ही फेजवर वाटून दिली, तेव्हापासून जळली नाही. हे टाइप करतानाच छाती भरून आली. आता सांगा, "मी केलं" लिहू की "आम्ही केलं"? खांबावर वायरमनदादा चढले होते, आकडे अन् वाटणी माझी.