अनुभव हवेत: ऑरावाली अर्धशिशी आणि गर्भनिरोधक गोळ्या

चिंचबोर
वय 31, ठाणे. पाळी तीन-तीन महिने यायची नाही, पीसीओएस म्हणून गोळ्या सुरू झाल्या. 21 दिवस गोळी, 7 दिवस सुट्टी. लग्नानंतर त्याच चालू ठेवल्या, एका पाकिटात दोन कामं. डोकं मला कॉलेजपासून दुखतं. डावी बाजू ठणकते, उलटी होते, पडदे ओढून पडून राहते. आईला अर्धशिशी, आजीला अर्धशिशी, त्यामुळे हे डॉक्टरांना मुद्दाम सांगायचं असतं असं घरात कुणाला वाटलंच नाही.

मार्चमध्ये ऑफिसात एक तक्ता तपासत होते. एका आकड्याचा मधला अंक दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना. मग त्या टिकलीएवढ्या जागेभोवती चकाकती नागमोडी कडा उमटली, किल्ल्याच्या तटासारखी, आणि हळूहळू उजवीकडे सरकत मोठी होत गेली. डोळे मिटले तरी ती तिथेच. वीसेक मिनिटांनी नजरेच्या कडेवरून निघून गेली. तोवर उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या, त्या कोपरापर्यंत चढल्या आणि मग ओठाच्या कोपऱ्यात. शेजारच्या मैत्रिणीकडे पाणी मागायचं होतं, तर 'पाणी' हा शब्दच सापडेना. अर्ध्या तासाने नेहमीचं ठणकणं सुरू झालं.

न्यूरोलॉजिस्टनी कागद पुढे सरकवला, म्हणाले, "काय दिसलं ते काढा." मी दातेरी कोयरी काढली. ती बघून म्हणाले, हा अर्धशिशीचा ऑरा, आणि पुढचाच प्रश्न, "गोळ्या कुठल्या घेता?" पाकीट पर्समध्ये होतं. त्यात एथिनिल एस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन, 35 मायक्रोग्रॅम. "ऑरा असताना इस्ट्रोजेन म्हणजे स्ट्रोकचा धोका. ही आजपासून बंद." एमआरआय नंतर झाला, तो स्वच्छ आला.

या गोळ्या लिहून देताना माझं वजन केलं, बीपी बघितलं, सिगारेटचं विचारलं. डोक्याबद्दल काहीच नाही. आणि खरं सांगायचं तर, 'डोकं दुखतं का' एवढंच विचारलं असतं तर मी 'अधूनमधून' म्हणून मोकळी झाले असते. दुखायच्या आधी काही दिसतं का, असं विचारायला हवं होतं. मग आठवलं असतं की बारावीच्या परीक्षेतही अशीच कडा दिसली होती.

तुम्हाला कुणी विचारलं होतं का? बंद केल्यावर काय घेतलंत?

गच्चीवरचा
बायकोच्या वतीने लिहितोय. तिला खुर्चीवरून पटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि डोकं दुखताना उजेड सहन होत नाही. म्हणजे ऑराच ना हा? हे वाचून काल रात्रीच गोळी बंद करायला लावली.

सुईदोरा
तुमचं वाचून पोटात गोळा आला. मला गॅसने अर्धशिशी होते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आजीने सांगितलेलं नाकात साजूक तूप घालते, फरक पडतो. करून बघा.

ओपीडीनंतर
तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, 19 वर्षं झाली.

गच्चीवरचा, घाई केलीत. उठल्यावर क्षणभर अंधारी येणं म्हणजे ऑरा नव्हे, ते बहुतेकदा बीपी खाली गेल्याने होतं. उजेड नकोसा होणं हे साध्या अर्धशिशीतही असतं. ऑरा सावकाश पसरतो, पाचेक मिनिटं तरी लागतात, आणि एक-एक लक्षण साधारण 5 ते 60 मिनिटं टिकतं. त्यात काहीतरी जास्तीचं दिसतं: चमक, रेघा, हलणारी कडा. चिंचबोर यांच्या बोटांतल्या मुंग्या जशा पायरीपायरीने ओठापर्यंत गेल्या, ते अगदी नमुनेदार आहे. झटक्यात एक हात लुळा पडला, अर्धी नजर एकदम काळी झाली, तर ऑरा आहे की नाही याचा विचार करत बसायचं नाही, थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

आणि गोळी बंद केलीत, मग तिच्या जागी काय? शेवटच्या चार-पाच दिवसांत संबंध आला असेल तर गर्भ राहू शकतो. गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे आठवडे, यातही स्ट्रोकचा धोका वाढतोच. उद्या तिला घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

आता आकडे, कारण 'स्ट्रोक' हा शब्द ऐकून रात्रभर झोप न आलेल्या मुली मी बघते. युरोपातल्या डोकेदुखी आणि गर्भनिरोधन या दोन्ही विषयांच्या तज्ज्ञांनी 2017 मध्ये एकत्र बसून अंदाज मांडला. 20 ते 44 वयाच्या एक लाख बायकांत, ना अर्धशिशी ना गोळी, अशांना वर्षाला अडीच स्ट्रोक. ऑरा आहे पण गोळी नाही, त्यांना सुमारे सहा. ऑरा आणि इस्ट्रोजेनवाली मिश्र गोळी दोन्ही, तर 37 च्या आसपास. लाखातल्या उरलेल्या जवळजवळ सगळ्यांना काही होत नाही. पण पंचविशीतल्या मुलीचा अर्धा मेंदू जाणं हे ज्या गोळीला पर्याय आहेत तिच्यापायी घडावं, हे मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरा असेल तर मिश्र गोळी कुठल्याही वयात चौथ्या वर्गात आहे, म्हणजे देऊच नये. त्वचेवर चिकटवायची पट्टी आणि योनीत बसवायची रिंग यांत तेच इस्ट्रोजेन, म्हणून त्याही तिथेच.

मोगरा_मिरची
पण हे सगळं जुन्या 50 मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांवरून आलंय ना? हल्ली 20 ची मिळते. माझी बहीण न्यू जर्सीत आहे, तिच्या डॉक्टरने ऑरा असूनही 20 ची चालू ठेवली, सलग, सुट्टी न देता. तिचे ऑरा कमी झालेत. आणि आपल्याकडची सरकारी माला-एन तर फारच हलकी असते, ती मिनी पिल म्हणून चालून जाईल.

खलबत्ता
मेडिकल स्टोअर चालवतो, नाशिक रोड. माला-एन हलकी नाही. फुकट मिळते म्हणून लोकांना तसं वाटतं. माला-डी आणि माला-एन, दोन्हींत लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम आणि एथिनिल एस्ट्राडायॉल 0.03 मिलिग्रॅम. म्हणजे 30 मायक्रोग्रॅम. खालच्या सात गोळ्या लोहाच्या. मिनी पिल वेगळी, तिच्यात इस्ट्रोजेन नसतंच, सध्या डेसोजेस्ट्रेल 75 मायक्रोग्रॅमची मिळते.

आता एक गोष्ट जी इथे कुणी काढली नाही. श्रावण लागला की माझ्या काउंटरवर रांग असते, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची. गौरी-गणपती, सत्यनारायण, लग्न. नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. नवरा किंवा दीर येऊन नुसतं नाव सांगतो, घेणारी घरी. बायका म्हणतात, ही काही 'ती' गोळी नाही. पण या डोसमध्ये नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात एथिनिल एस्ट्राडायॉलच होतो. मी आता येईल त्याला म्हणतो, जिला घ्यायची आहे तिला फोन लाव. फोनवर विचारतो, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे रेघा येतात का. दोन गिऱ्हाइकं चिडून दुसऱ्या दुकानात गेली. एकीने 'हो' म्हटलं, तिला डॉक्टरांकडे पाठवलं.

ओपीडीनंतर
खलबत्ता, हे आमच्याही लक्षात राहत नाही. गणपतीच्या आधी फोनवर भराभर लिहून देतो आम्ही.

मोगरा_मिरची, तुमच्या बहिणीच्या डॉक्टरांसारखं मानणारे काही न्यूरोलॉजिस्ट आहेत. अभ्यास जुने आहेत, त्यातल्या बऱ्याच गोळ्या जास्त डोसच्या होत्या, ऑरा कसा ठरवला तेही धड नोंदलेलं नाही, हे खरं. पण 20 ची सुरक्षित आहे असं दाखवणारा भक्कम पुरावा अजून माझ्यासमोर नाही. मी देत नाही. ऑरा कमी होणं ही चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्यावरून स्ट्रोकचा धोका कमी झाला असं म्हणता येत नाही.

आडवाटेची
माझं गाव मोठ्या रस्त्यापासून अकरा किलोमीटर आत. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन वर्षांनी माला-एन घ्यायचे. घेऊ लागल्यावर तिसऱ्या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यासमोर चकाकी आली. उपकेंद्रातल्या सिस्टरने गोळी थांबवली आणि तांबी सुचवली. तांबी नको म्हटलं, कारण जावेला फार अंगावर जायचं. मग आशाताईंनी छाया गोळी दिली. पहिले तीन महिने आठवड्यात दोनदा, नंतर एकदा. मी रविवार-बुधवार धरला, भाकरीच्या डब्यावर खडूने लिहून ठेवलं. पाळी लांबते, एकदा 52 दिवसांनी आली. चाचणीची पट्टी आणून जीव मुठीत धरून बसले होते. चकाकी मात्र परत आली नाही.

चिंचबोर
छाया मीही विचारली होती. माझ्या डॉक्टर म्हणाल्या, पीसीओएस असेल तर ती देत नाहीत.

ओपीडीनंतर
बरोबर. आणि तिला 'हॉर्मोन नाही' म्हणतात, पण ती इस्ट्रोजेनच्या जागेवर जाऊनच काम करते, म्हणून मी जपून देते. गोळीवर असताना पहिल्यांदा ऑरा आला, तर ती तिथेच थांबवायची, पाकीट संपायची वाट बघायची नाही. आडवाटेची, तुमच्या सिस्टरनी नेमकं तेच केलं.

सिअ‍ॅटलची_काकू
वय 53. मला पाळी जाताना गरम वाफा येतात आणि तरुणपणी ऑरा यायचा. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचा पॅच दिलाय. हे सगळं वाचून आज लावावा की नाही कळेना.

ओपीडीनंतर
काकू, तुमचा प्रश्न वेगळा आहे. पाळी जातानाच्या पॅचमध्ये शरीरातल्यासारखंच इस्ट्रोजेन कमी मात्रेत, त्वचेतून जातं. गर्भनिरोधक गोळीचा नियम त्याला जसाच्या तसा लागत नाही. इथलं वाचून काढू नका, त्यांनाच विचारा.

चिंचबोर
माझं पुढे काय झालं ते सांगते. गोळी बंद केल्यावर पाळी पुन्हा गेली, 70 दिवस. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहू नये म्हणून काहीतरी लागणारच होतं. तांबी ऑराला चालते, तिच्यात हॉर्मोनच नाही, पण तिने अस्तराचं काही होणार नव्हतं. तीन महिन्यांनी एक घ्यायचं अंतरा इंजेक्शनही होतं. पण ते एकदा टोचलं की काढून घेता येत नाही, ऑरा वाढला तर काय, या विचाराने मी मागे सरले. शेवटी लेव्होनॉरजेस्ट्रेलची आययूडी, म्हणजे हॉर्मोनवाली तांबीसारखी, गर्भाशयात बसवली. बसवताना दुखलं, खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं नवऱ्याचा हात आवळून धरला होता. पहिले चार महिने रोज थोडं थोडं डाग. आता पाळी नावालाच. चेहऱ्यावरच्या फोडांना मात्र काही उपयोग नाही, ते गोळीने गेले होते, परत आलेत.

ऑरा आठ महिन्यांत दोनदा आला. तारीख आणि किती मिनिटं, हे लिहून ठेवते. वाढले तर परत विचार करू, असं डॉक्टरांशी ठरलंय.

तिसरी_बेल
मूक वाचक होते. मला 17 व्या वर्षी दोनदा ऑरा आला, आता 26, त्यानंतर एकदाही नाही. इंग्लंडमध्ये असताना तिथल्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, पाच वर्षं होऊन गेली तर आमच्याकडे तुम्ही तिसऱ्या वर्गात, म्हणजे सहसा नको, पण अगदीच बंदी नाही. पुण्यात परत आले तर इथल्या म्हणतात, एकदा ऑरा तो कायमचा. सध्या कंडोमवर आहे. ओपीडीनंतर, तुम्ही काय कराल?

ओपीडीनंतर
मी तांबी किंवा मिनी पिल देईन. पण तुमच्या इंग्लंडच्या डॉक्टर चूक आहेत असं म्हणणार नाही. पाळी नियमित आहे का तुमची, आणि बीपी शेवटचं कधी मोजलं होतं?